बँक खात्यांसाठी सक्सेशन सर्टिफिकेट, प्रोबेट की वारस दाखला? ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांसाठी

घरातलं माणूस गेल्यावर बँकेत चौकशीला गेलं की काउंटरवरून बहुतेकदा एकच वाक्य ऐकू येतं: "कोर्टातून सर्टिफिकेट आणा." हे वाक्य काही खात्यांसाठी बरोबर असतं, पण सगळ्या खात्यांसाठी कधीच नसतं. तेच ऐकून कुटुंब वकिलाकडे जातं, सगळी खाती एका अर्जात घालतं आणि महिनोन् महिने थांबतं. त्यातले निम्मे पैसे कोर्टाची पायरी न चढता पंधरा-वीस दिवसांत मिळाले असते. म्हणून कुठला कागद काढायचा हे ठरवण्याआधी खात्यांची वर्गवारी करायची. हा सगळा लेख त्या क्रमानेच आहे.

तीन कागद काय काम करतात

सक्सेशन सर्टिफिकेट दिवाणी न्यायालय देतं, भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 370 पासूनच्या तरतुदींखाली. ते फक्त येणी आणि रोखे यांच्यासाठी असतं, म्हणजे बँकेतली ठेव, शेअर, बाँड असं जे दुसऱ्याकडून यायचं आहे त्यासाठी. राहतं घर त्यात येत नाही. हे सर्टिफिकेट पाहून बँकेनं पैसे दिले की बँक मोकळी होते. उद्या दुसरा वारस उभा राहिला तरी बँकेकडे पुन्हा पैसे मागता येत नाहीत. म्हणूनच बँकांना ते इतकं हवं असतं. पैशांचा अंतिम मालक कोण, हे मात्र ते ठरवत नाही. ज्याच्या नावावर ते निघालं त्यानं पैसे घ्यायचे आणि बाकी वारसांचा हिस्सा त्यांना द्यायचा.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्यावर न्यायालयानं उमटवलेली मोहोर. मृत्युपत्र नसेल तर प्रोबेटचा प्रश्नच येत नाही. प्रोबेट मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच, म्हणजे एक्झिक्युटरलाच मिळतं. व्यवस्थापक नेमलेला नसेल तर त्याऐवजी 'मृत्युपत्र जोडलेलं लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन', म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे मालमत्ता वाटण्याचं न्यायालयाचं अधिकारपत्र, मागावं लागतं.

वारस दाखल्याच्या बाबतीत महाराष्ट्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे न्यायालयाकडून मिळणारा वारस दाखला मुंबई रेग्युलेशन 8, 1827 या जुन्या कायद्याखाली निघतो. मृताचे कायदेशीर वारस कोण, एवढं तो सांगतो. तो अमुक एका खात्यापुरता नसतो. सोसायटीतला फ्लॅट नावावर करणं, मालमत्तेच्या नोंदी बदलणं अशा कामांना तो उपयोगी पडतो. तहसील कार्यालयातून मिळणारा दाखला निराळा, तो मुख्यतः निवृत्तिवेतनासारख्या सरकारी कामांसाठी असतो. बँकेनं "लीगल हेअर सर्टिफिकेट" म्हटलं तर यातला कुठला हवा, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. चुकीचा दाखला घेऊन गेल्यावर परत पाठवतात आणि मधले महिने फुकट जातात.

एक उदाहरण धरून चालू

ऐरोलीत राहणारे एक निवृत्त गृहस्थ वारले असं धरू. मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, पुण्यातला मुलगा, नाशिकला दिलेली मुलगी आणि सातारा जिल्ह्यात गावी राहणारी त्यांची आई. खाती अशी:

सरकारी बँकेत 1,85,000 रुपयांचं बचत खातं, पत्नीसोबत संयुक्त, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचं.

त्याच बँकेत 9,00,000 रुपयांची मुदत ठेव, एकट्याच्या नावावर, नॉमिनी मुलगा.

ठाण्यातल्या एका सहकारी बँकेत 3,60,000 रुपयांची ठेव, नॉमिनी नाही.

एका खासगी बँकेत बचत आणि ठेवी मिळून 21,40,000 रुपये, नॉमिनी नाही.

या चारांपैकी कोर्टाचा विषय फक्त शेवटच्या खात्याचा आहे.

पहिली पायरी: मृत्यू दाखला आणि खात्याला हात न लावणं

मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, माणूस जिथे राहत होता तिथे नाही. ऐरोलीचा माणूस मुलुंडच्या रुग्णालयात वारला तर दाखला मुंबई महापालिकेचा निघेल, नवी मुंबई महापालिकेचा नाही. त्यानं काही बिघडत नाही. न्यायालय मात्र राहण्याच्या ठिकाणावरून ठरतं, हा फरक लक्षात असू द्या. नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. रुग्णालयात मृत्यू झाला तर माहिती रुग्णालयच कळवतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून ठेवा.

दाखला हातात आला की नावाचं स्पेलिंग आणि पत्ता लगेच तपासा. बँकेच्या पासबुकावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि मृत्यू दाखल्यावर तिसरं, हे इतक्या वेळा होतं की ते गृहीतच धरावं. दाखल्यात चूक असेल तर महापालिकेतून दुरुस्त करून घ्या. चूक बँकेच्या नोंदीत असेल तर "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. कोर्टात अर्ज करताना दोन्ही नावं 'ऊर्फ' लावून लिहायची, म्हणजे सर्टिफिकेट हातात आल्यावर बँक नावावरून अडवत नाही.

आणखी एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. मृताचं एटीएम कार्ड, मोबाइल बँकिंग किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नका, पिन ठाऊक असला तरी आणि पैसे अंत्यविधीसाठी असले तरी. उद्या भावंडांत वाद झाला तर खातेउताऱ्यावर मृत्यूच्या तारखेनंतरचा प्रत्येक व्यवहार दिसतो आणि तो कुणी केला याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. निवृत्तिवेतन त्या खात्यात येत असेल तर बँकेला लगेच कळवा. मृत्यूनंतर जमा झालेलं वेतन परत द्यावंच लागतं, ते खर्चून टाकलं तर वसुली मागे लागते.

दुसरी पायरी: बँकेकडून खात्यांची यादी लेखी घेणं

प्रत्येक बँकेत मृत्यू दाखल्याची प्रत आणि नातं दाखवणारा कागद जोडून अर्ज द्या. त्यात चार गोष्टी मागा: मृताच्या नावावरच्या सगळ्या खात्यांचे आणि ठेवींचे क्रमांक, मृत्यूच्या तारखेची शिल्लक, नॉमिनी नोंदलेला आहे की नाही, आणि दावा कुठल्या नमुन्यात हवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजलं जातं.

शिल्लक सांगायला शाखा कधी कधी कुरकुर करते. "कोर्टात अर्ज करायला खात्याचा तपशील लागतो" असं अर्जातच लिहिलं की बहुतेक शाखा पत्र देतात. आणि नॉमिनीचा तपशील पासबुकावर दिसला नाही म्हणून नॉमिनी नाहीच असं धरू नका. जुन्या खात्यांत कागदावर नॉमिनी नोंदलेला असतो आणि संगणकावर चढलेला नसतो. खातं उघडतानाचा फॉर्म काढून बघायला सांगा. एका फॉर्मनं कोर्टाचं अख्खं काम वाचू शकतं.

विस्मरणात गेलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं udgam.rbi.org.in हे पोर्टल आहे. दहा वर्षं दाव्याविना पडलेल्या ठेवींची माहिती तिथे मिळते.

तिसरी पायरी: कोर्टाशिवाय मिळणारे पैसे आधी घेणं

रिझर्व्ह बँकेनं 26 सप्टेंबर 2025 रोजी मृत ग्राहकांच्या दाव्यांबाबत नवे निर्देश काढले आणि ते अमलात आणायला बँकांना 31 मार्च 2026 पर्यंतची मुदत दिली. त्यांचा मथितार्थ असा: नॉमिनी असेल किंवा 'हयात असलेला' ही अट असेल, तर रक्कम कितीही असो, बँकेनं सक्सेशन सर्टिफिकेट, प्रोबेट किंवा हमीपत्र मागायचं नाही. दाव्याचा फॉर्म, मृत्यू दाखला आणि दावेदाराचं ओळखपत्र एवढंच पुरतं.

म्हणजे आपल्या उदाहरणात सरकारी बँकेतलं संयुक्त खातं पत्नीला मिळतं आणि 9 लाखांची ठेव मुलाला. मुदत संपायच्या आधी ठेव मोडायची असली तरी ठेवीदाराच्या मृत्यूनंतर दंड कापला जात नाही. कापला तर लेखी हरकत घ्या.

इथे थांबून नॉमिनीबद्दलचा गैरसमज दूर करायला हवा, कारण भांडणं इथूनच सुरू होतात. नॉमिनी मालक नसतो, तो बाकी वारसांच्या वतीनं पैसे हातात घेणारा असतो. बँक ठेवींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये राम चंदर तलवार प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्यामुळे मुलाच्या खात्यात आलेल्या 9 लाखांत चौघांचा वाटा आहे, प्रत्येकाचे 2,25,000. बँकेचं काम पैसे दिल्यावर संपतं, मुलाचं तिथून सुरू होतं.

सहकारी बँकेत नॉमिनी नाही, पण रक्कम 3,60,000 आहे. नव्या निर्देशांत नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठी मर्यादा ठरवली आहे: सहकारी बँकांना 5 लाख, इतर बँकांना 15 लाख, बँकेला स्वतःहून याहून जास्त ठेवता येते. या मर्यादेत, आणि मृत्युपत्र किंवा वाद नसेल तर, दाव्याचा फॉर्म, मृत्यू दाखला, ओळखपत्र, दावेदाराचं नुकसानभरपाईचं हमीपत्र आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र एवढं द्यायचं. वारस कोण हे दाखवण्यासाठी वारस दाखला किंवा कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या माणसाचं निवेदन, यांपैकी एक चालतं. शेजारचे, सोसायटीचे सचिव, वडिलांचे जुने सहकारी, कुणीही चालेल, पण बँकेला तो मान्य व्हायला हवा, म्हणून त्याचे ओळखपत्र आणि पत्त्याचे कागद आधीच जोडा. या मर्यादेत तिसऱ्या माणसाची जामीनकी मागायची नाही. 15 लाखांची मर्यादा एका ठेवीला नाही, त्या बँकेकडच्या एकूण देय रकमेला लागते, व्याज धरून. त्यामुळे पावत्या वेगळ्या दाखवून ती ओलांडता येत नाही.

कागद पूर्ण दिल्यापासून 15 दिवसांत बँकेनं दावा निकाली काढायचा असतो. उशीर बँकेमुळे झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या 'बँक दरा'पेक्षा 4 टक्के जास्त दरानं उशिराच्या काळाचं व्याज द्यावं लागतं. ही मुदत सगळे कागद पोचल्या दिवसापासून मोजतात, म्हणून "सगळे कागद मिळाले" अशी पोच मागणं महत्त्वाचं. शाखा दाद देत नसेल तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर cms.rbi.org.in वरून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

चौथी पायरी: उरलेल्या 21,40,000 साठी कोर्ट

खासगी बँकेतली रक्कम 15 लाखांच्या वर आहे. इथे आधी बँकेला लेखी विचारा की सक्सेशन सर्टिफिकेटशिवाय दुसरा मार्ग त्यांच्या धोरणात आहे का. काही बँका प्रतिज्ञापत्र आणि जामीनदार घेऊन मोठी रक्कमही देतात, आणि तसं झालं तर कोर्टाचा सारा खटाटोप वाचतो. नाही म्हणाली तर तिचं पत्र घेऊन अर्जाला जोडा.

अर्ज मृत व्यक्ती शेवटी जिथे कायम राहत होती तिथल्या न्यायालयात करायचा. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. नवी मुंबईत राहणाऱ्या पुष्कळ जणांना हा फरक माहीत नसतो. खारघरला राहणाऱ्या माणसाच्या खात्यांसाठी ठाण्यात अर्ज केला तर कार्यक्षेत्र नाही म्हणून परत येईल. ऐरोलीसाठी कुठल्या न्यायालयात दाखल करायचा, बेलापूरच्या की ठाण्याच्या, हे वकिलाकडून किंवा फायलिंग विभागातून दाखल करण्याआधी खात्री करून घ्या. बँकेची शाखा कुठे आहे त्यावर हे ठरत नाही. शाखा दादरला असली तरी चालते.

अर्जात काय काय हवं हे कलम 372 मध्येच दिलेलं आहे: मृत्यूची तारीख, शेवटचा राहता पत्ता, कुटुंबातले आणि जवळचे सगळे नातेवाईक त्यांच्या पत्त्यांसह, अर्जदाराचा हक्क कशावरून, सर्टिफिकेट द्यायला कायद्याची आडकाठी नाही हे विधान, आणि येण्यांची यादी. या यादीतच सगळ्यात जास्त चुका होतात. "अमुक बँकेतली ठेव" एवढं लिहून भागत नाही. शाखेचं नाव, खाते क्रमांक, ठेव पावतीचा क्रमांक, मृत्यूच्या तारखेची रक्कम आणि "आणि त्यावर पुढे जमा होणारं व्याज" हे शब्द हवेत. मुदत ठेव आपोआप नूतनीकरण होणारी असेल तर अर्ज आणि निकालाच्या मधल्या काळात पावतीचा क्रमांक बदलू शकतो. म्हणून यादीत "नूतनीकरणानंतरच्या पावतीसह" असं लिहून घ्या. नाहीतर सर्टिफिकेटवर जुना क्रमांक, बँकेच्या नोंदीत नवा, आणि काउंटरवरचा माणूस दोन्हींचा मेळ घालायला तयार नसतो.

आता वारसांची यादी. आपल्या उदाहरणात कुटुंब सहज "पत्नी, मुलगा, मुलगी" लिहून मोकळं होतं. आई राहून जाते. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे पुरुष मृत झाला आणि मृत्युपत्र नसलं, तर त्याची आई पहिल्या वर्गाची वारस असते आणि तिचा वाटा पत्नी-मुलांइतकाच असतो. वडील त्या वर्गात येत नाहीत, आई येते. म्हणजे 21,40,000 चे चार समान भाग, प्रत्येकी 5,35,000. आईचं नाव न घातलेल्या अर्जावरचं सर्टिफिकेट नंतर रद्द होऊ शकतं, कारण महत्त्वाची गोष्ट लपवून ते मिळवलं असं म्हणता येतं. मृत व्यक्ती स्त्री असती तर गणित वेगळं असतं: तिथे पहिला हक्क मुलं आणि पती यांचा, तिच्या आईवडिलांचा क्रम बराच नंतर लागतो. हे नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांचे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे वाटे त्यांच्या त्यांच्या कायद्यानं ठरतात.

आई वयस्कर आहे आणि गावी आहे, म्हणून "नंतर बघू" म्हणणं धोक्याचं. मुलगा वारला त्याच क्षणी तिचा हिस्सा तिचा झाला. काम अर्धवट असताना ती गेली, तर तो हिस्सा तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे मृताच्या भावा-बहिणींकडेसुद्धा. चार जणांचं सुटसुटीत काम मग दहा जणांच्या सह्यांचं होऊन बसतं. आईला वाटा नको असेल तर तिचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र सगळ्यात आधी करा. तिला सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण मजकूर तिला वाचून, समजावून सांगितला आणि अंगठा आपल्यासमोर उठवला असं लिहून ओळखणाऱ्या साक्षीदाराची सही घ्या.

वारसांत कुणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं असेल, उदाहरणार्थ आधीच वारलेल्या मुलाची मुलं, तर त्यांच्या वतीनं आईनं नुसती ना-हरकत देऊन चालत नाही. अज्ञानाचा वाटा सोडून देता येत नाही, न्यायालय तो सुरक्षित ठेवायला सांगतं.

दाखल झाल्यावर न्यायालय बाकी वारसांना नोटीस काढतं आणि बहुधा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावतं, कुणाला हरकत असेल तर ठरलेल्या मुदतीत सांगावी म्हणून. नोटिशीचा खर्च अर्जदाराचा. मग अर्जदाराचं पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, कागदांच्या मूळ प्रती आणि आदेश. हरकत नसेल तरी काही महिने लागतात. कुणी हरकत घेतली तर किती, ते कुणी सांगू शकत नाही. प्रकरणाची तारीख वकिलाच्या फोनची वाट न बघता services.ecourts.gov.in वर सीएनआर क्रमांक घालून पाहता येते. तो सोळा अक्षरांचा क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्या.

कोर्ट फी रकमेच्या टक्केवारीनं लागते. महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा 75,000 रुपये आहे आणि 21 लाखांच्या रकमेला ती मर्यादाच लागू होते. म्हणजे सहकारी बँकेचे 3,60,000 याच अर्जात घातले असते तर फी वाढली नसती, आणि काही वकील त्याच कारणानं सगळं एकत्र करायला सुचवतात. माझं मत उलट आहे. फी वाढली नाही तरी ते पैसे उगाच आदेशापर्यंत अडकतात. आणि एकूण रक्कम सहा-सात लाखांचीच असेल, तर प्रत्येक जादा लाखामागे फीही वाढते. जे बँकेत सुटतं ते बँकेतच सोडवा.

न्यायालय कधी कधी अर्जदाराकडून हमी किंवा जामीन मागतं, विशेषतः पैसे एकाच्या हातात जाणार असतील आणि बाकीच्यांची संमती नसेल तेव्हा. सगळ्यांची संमती आधीच जोडलेली असली तर हा टप्पा हलका होतो.

मृत्युपत्र सापडलं तर

वर्गवारी झाल्यावर कपाटात मृत्युपत्र निघालं, असं पुष्कळदा होतं. ते बाजूला ठेवून वारस म्हणून दावा करू नका. मृत्युपत्र असताना "नाही" असं प्रतिज्ञापत्र करणं हा खोटा पुरावा ठरतो.

मृत्युपत्र नोंदणीकृतच असायला हवं असं नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. त्या साक्षीदारांपैकी एक तरी हयात आणि सापडण्यासारखा आहे का, हे लगेच बघा. प्रोबेटच्या कामात त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि साक्षीदार गेल्यावर सही सिद्ध करणं फार जड जातं.

प्रोबेट सक्तीचं आहे का? हा नियम मुळात मुंबई शहरासाठी होता. मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदू मृत्युपत्राला भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 213 प्रमाणे प्रोबेट लागायचं. ठाणे आणि नवी मुंबई त्या हद्दीबाहेर. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं कलम 213 च वगळलं, त्यामुळे मुंबईतली सक्तीही गेली. तरी बँकेच्या काउंटरवर "मृत्युपत्र आहे, मग प्रोबेट आणा" हे अजून ऐकायला मिळतं. वाद नसेल आणि मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल बँकेचं समाधान झालं, तर हमीपत्र आणि बाकी वारसांची ना-हरकत घेऊन बँकेला प्रोबेटशिवाय पैसे देता येतात. ही विनंती लेखी करा आणि नकार आला तर तोही लेखी मागा.

सक्ती नसतानाही प्रोबेट काढणं शहाणपणाचं ठरतं अशी एक परिस्थिती आहे: मृत्युपत्रानं एखाद्या वारसाला कमी दिलं आहे किंवा काहीच दिलेलं नाही. तो माणूस बँकेच्या ना-हरकत पत्रावर सही करणार नाही हे उघड आहे. तेव्हा सहीसाठी सहा महिने मनधरणी करण्यापेक्षा सरळ प्रोबेटचा अर्ज करावा. फीची कमाल मर्यादा तिथेही तीच, 75,000.

सर्टिफिकेट मिळाल्यावर

बँकेत मूळ सर्टिफिकेट दाखवा पण सोडून येऊ नका; प्रमाणित प्रती दोन-तीन काढून ठेवा आणि प्रत द्या. पैसे अर्जदाराच्या नावावर येतात. आल्या आल्या प्रत्येक वारसाचा हिस्सा बँक खात्यातूनच पाठवा, रोख देऊ नका, आणि कशापोटी पाठवले ते लिहिलेली पावती सहीनं घ्या. आईनं किंवा मुलीनं वाटा सोडला असेल तर त्याचा कागद वेगळा ठेवा. बँकेला दिलेलं ना-हरकत पत्र पैसे कुणाला द्यावेत याबद्दलचं असतं. वाटा कायमचा सोडल्याचा पुरावा म्हणून ते दरवेळी पुरत नाही.

सर्टिफिकेट निघाल्यावर एखादी विसरलेली ठेव सापडली तर नवा अर्ज पहिल्यापासून करायची गरज नाही. कलम 376 प्रमाणे ज्या न्यायालयानं सर्टिफिकेट दिलं तेच त्यात नवी येणी वाढवून देऊ शकतं, आणि वाढवलेला भाग मूळ सर्टिफिकेटइतकाच चालतो. वाढीव रकमेची फी भरावी लागू शकते. मूळ प्रकरणाचा क्रमांक आणि आदेशाची प्रत त्यासाठी लागते, म्हणून ती फाइल बँकेचं काम संपल्यावर रद्दीत टाकू नका.